ओस्लोहून आलेलं मत

वसईजवळच्या सांडोर गावातल्या विहीरआळीच्या आलोशियसला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे त्याची छपाई, आणि दुसरी त्याची स्मरणशक्ती. छपाई चांगली होती. स्मरणशक्ती मात्र एकाच जातीची होती. कोणी कधी उपकार केले ते त्याला आठवत नसे, पण कोणी कधी कुठे काय टोचून बोललं ते अक्षर न् अक्षर पाठ.

वसई गावात बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. लग्नपत्रिका, कोणी वारलं की महिन्याने होणाऱ्या मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, कार्डं, सणाची पत्रकं, चर्चचा अंक, सगळं त्याच्याकडे यायचं. कॉम्प्युटर जुना, पडदा जवळजवळ चौकोनी, आणि त्यात मराठी अक्षरांचे असे असे जुने फॉन्ट भरलेले की ते विकणाऱ्या कंपन्याही आता उरल्या नव्हत्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "अंकल, पप्पांच्या लग्नात होतं तसंच अक्षर पाहिजे." आलोशियस खुर्ची ओढून ते तस्संच अक्षर काढून द्यायचा. त्याचा त्याला कोण अभिमान!

त्याची बायको क्लेमेंटीन घरामागची केळीची बाग बघायची. तिची जीभ कोयत्यापेक्षा जास्त चालायची आणि त्या जिभेपुढे आलोशियस गप्प असे. जगात फक्त तिथेच.

आता त्याचं दुखणं सांगायला हवं. चर्चआळीतला ग्लेन दहावी झाल्यावर त्याच्या हाताखाली आला. आलोशियसने त्याला टाइप करायला शिकवलं, कार्ड मांडायला शिकवलं आणि डिसेंबर आला की नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करायलाही शिकवलं. आपल्याकडे गोठा म्हणजे नुसतं गवत आणि बाळ येशू नव्हे. प्रत्येक आळी आपला गोठा करते, स्पर्धा लागते, माणसं बोलणं टाकतात. आलोशियसने एका वर्षी सांडोरची वाडीच गोठ्यात आणली. केळी, पाट, आणि विहिरीवर फिरणारा रहाट. माशांच्या टाकीतला छोटा पंप लावून त्याने रहाटावर खरंखुरं पाणी चढवलं होतं, आणि रहाटाचे पोहरे केले होते पेनांच्या टोपणांचे. बघायला नालासोपाऱ्याहून माणसं आली.

पुढे ग्लेनने स्वतःचं फ्लेक्सचं दुकान काढलं. तेही आलोशियसने गिळलं असतं. फॉन्ट कॉपी करून नेले, तेही गिळलं असतं. पण त्या नाताळात चर्चआळीच्या गोठ्यात तोच रहाट फिरायला लागला. तीच टोपणं, तोच पंप. पहिलं बक्षीस मिळालं. माईकवरून ग्लेनला विचारलं, "रहाटाची कल्पना कोणाची?" ग्लेन हात जोडून म्हणाला, "देवाने सुचवली."

"देवाने?" आलोशियस घरी येऊन भिंतीला विचारत राहिला. "देव माझ्या टेबलावर बसून फेविकॉल लावत होता काय?"

त्याला बक्षीस नको होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की ग्लेनने एकदा, एकदाच, त्या माईकवर म्हणावं, हे मला आलोशियसने शिकवलं. ग्लेन म्हणाला नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आलोशियसने डूख धरला. माणूस मिस्साला जाई, मिस्सात आजूबाजूच्यांना द्यायचा तो शांतीचा हात सगळ्यांना देई, पण ग्लेन ज्या बाकावर बसेल त्याच्या दोन बाक पुढे बसून, म्हणजे हात द्यायला वळावंच लागू नये.

यंदा स्पर्धेचा निकाल लोकांच्या मतांवर लावायचं ठरलं. गावची निम्मी पोरं मस्कतला, दुबईला, कॅनडाला. त्यांनाही मत देता यावं म्हणून एलिसाने इंटरनेटवर एक पान तयार केलं. एलिसा विहीरआळीचीच. अंधेरीला एका कंपनीत होती, ऑनलाइन खरेदीत लबाडी करणारी खाती पकडायचं तिचं काम. पानावर सगळ्या गोठ्यांचे फोटो, खातं न उघडता माणशी एक मत, आणि मोजणी जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत झाकलेली. गोठा करणाऱ्यांना मात्र आपलं खातं उघडून त्यावर फोटो टाकायचे होते. आलोशियसने दुकानातल्या कॉम्प्युटरवरून खातं उघडलं. यंदाचा त्याचा गोठा म्हणजे भुईगावचा किनारा होता, वाळूवर झावळ्यांची झोपडी आणि मागे हलणाऱ्या लाटा. आळीतल्या बायकांनी मेंढपाळांचे कपडे शिवले होते, पोरांनी शिंपले वेचून आणले होते. सगळे म्हणत होते, "अंकल, यंदा आपलंच."

आलोशियसला ते ऐकूच येत नव्हतं. त्याच्या कानात देवाने सुचवली, देवाने सुचवली एवढंच वाजत होतं.

अशात केनी दुकानात आला. केनी मस्कतला नोकरी करून कायमचा परतलेला, बहिणीच्या लग्नाच्या पत्रिका घ्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तिकडे व्हिडिओ कॉल लागायचे नाहीत ना, मग आम्ही व्हीपीएन टाकायचो. बसायचं मस्कतला, दिसायचं लंडनला. व्हीपीएन लावला की अंकल, तू कोणीच नाहीस. भूत!"

भूत हा शब्द आलोशियसला भलताच आवडला. केनीकडूनच त्याने ते कॉम्प्युटरवर टाकून घेतलं.

एखादा साधा माणूस असता तर स्वतःच्या गोठ्याला मतं देत बसला असता. आलोशियस साधा नव्हता, त्याच्यात इतक्या वर्षांचं विष साठलं होतं. त्याने ठरवलं, मतं ग्लेनला द्यायची. इतकी द्यायची की तो त्यांच्याखाली गुदमरला पाहिजे. आणि द्यायची अशा देशांतून जिथे सांडोरचं कुत्रंही गेलेलं नाही. मग कमिटी विचारेल, नॉर्वेत तुझे कोण पाव्हणे राहतात रे? खोटी मतं आणली म्हणून ग्लेन बाद होईल. निकालाच्या भर मांडवात, सगळ्यांसमोर. तेव्हा बघू देव काय सुचवतो!

दुपारी बाजार झोपला की तो शटर अर्धं ओढायचा. व्हीपीएनमधून देश निवडायचा, ब्राउझरची ती खाजगी खिडकी उघडायचा, म्हणजे आधीच्या भेटीची खूण उरत नाही असं केनीने सांगितलं होतं, आणि चर्चआळीने यंदाही लावलेल्या रहाटाच्या फोटोवर बोट दाबायचा. खिडकी बंद, दुसरा देश, पुन्हा खिडकी. ओस्लो, लिस्बन, टोकियो, लिमा. प्रत्येक मताला त्याच्या तोंडात गुळचट चव येई. हे घे, म्हणे. हे माझ्या टोपणांबद्दल. हे माझ्या पंपाबद्दल. हे तुझ्या जोडलेल्या हातांबद्दल.

एकदा ओस्लोत असतानाच त्याला आपल्या गोठ्याखाली कोणी काही कौतुक लिहिलंय का ते बघायची लहर आली. त्याने नेहमीच्या खिडकीत आपलं खातं उघडलं. पान हसून म्हणालं, "नमस्कार, आलोशियस!" त्याने कौतुक वाचलं, मिशीवरून हात फिरवला, खातं बंद केलं आणि लगेच पुन्हा खाजगी खिडकीत जाऊन ग्लेनला मत ठोकलं. पानाने त्याला नावाने हाक मारली होती. भुताला कोणी नावाने हाक मारत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

क्लेमेंटीनला वास लागला होता. "दुपारी घरी जेवायला येत नाहीस, आणि आल्यावर चेहरा असा हसरा की वैऱ्याची म्हैस मेली. काय चाललंय?"

"धंदा."

"धंद्यात तू कधी हसत नाहीस," ती केळ्यांचा घड ओसरीवर टेकवत म्हणाली. "ग्लेनचं काही असेल तर सांगून ठेवते. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा तुझा स्वभाव आहे. नाक मात्र एकच असतं."

मतं पुरेशी झाली असं वाटल्यावर त्याने शेवटची चाल खेळली. कमिटीचे अध्यक्ष व्हॅलेरियन सर चर्चच्या अंकाचं प्रूफ बघायला आले होते. निवृत्त हेडमास्तर, सावकाश बोलणारे, सगळ्या गावाला छडी मारून झालेले. आलोशियस सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सर, कानावर आलंय ते सांगतो. चर्चआळीवाले परदेशातून भाड्याची मतं आणतायत म्हणे. मला काय करायचंय म्हणा. पण तुमच्या नावाला बट्टा नको."

सरांनी चष्मा काढला. "असं असेल तर एलिसाला नीट तपासायला लावतो."

"लावाच," आलोशियस म्हणाला. त्या रात्री तो कितीतरी वर्षांनी शांत झोपला.

तीन राजांच्या सणाच्या आदल्या सकाळी व्हॅलेरियन सर आणि एलिसा दुकानात आले. एलिसाने स्वतःच शटर खाली ओढलं. आलोशियसने स्टुलं पुसून पुढे केली, चहा सांगू का विचारलं.

"नको," सर म्हणाले. "तुझं म्हणणं खरं निघालं. चर्चआळीला ढीगभर खोटी मतं पडलीत."

आलोशियसने तोंडावर दुःख आणायचा प्रयत्न केला. "अरेरे! ग्लेन असं करेल असं वाटलं नव्हतं."

"मलाही आधी ग्लेनच वाटला," एलिसा म्हणाली. "मतं वेगवेगळ्या देशांतून आलेली, पण देणारा ब्राउझर एकच."

"एकच कसा? देश वेगळे ना?"

"अंकल, व्हीपीएन फक्त पत्ता बदलतो. म्हणजे असं समजा, निनावी पत्र तुम्ही वसईच्या पेटीत न टाकता कोणातरी माणसाकरवी पुण्याच्या पेटीत टाकलंत. शिक्का पुण्याचा पडला. पण आतलं अक्षर कोणाचं? तुमचंच. कुठलंही पान उघडलं की ते ब्राउझरला बरंच काही विचारू शकतं. पडदा किती लांब, किती रुंद. चित्र काढणारं कार्ड कोणतं. भाषा कोणती लावलीय. घड्याळ कुठल्या देशाचं. कोणते फॉन्ट आहेत. एकेक गोष्ट हजारोंकडे सापडते. सगळ्या एकत्र केल्या की क्वचितच दुसऱ्या कोणाशी जुळतात. हे व्हीपीएन झाकत नाही, आणि खाजगी खिडकीही फारसं झाकत नाही. ती फक्त तुमच्याकडच्या खुणा पुसते."

आलोशियसचा हात नकळत माऊसवर गेला, जणू ते यंत्र झाकता येणार होतं.

"ही मतं ओस्लोहून, लिमाहून," एलिसा बोलत होती, "पण कॉम्प्युटरचं घड्याळ प्रत्येक वेळी भारताचं. ब्राउझरची भाषा मराठी. पडदा जुना, चौकोनी. आणि फॉन्ट! पान मराठी म्हणून तपासायच्या यादीत मी आपले जुने मराठी फॉन्टही घातले होते. सगळ्या गावातून आलेल्या मतांत असे फॉन्ट फक्त दोन कॉम्प्युटरवर निघाले."

आलोशियसला बुडत्याला फळी मिळाल्यासारखं झालं. "मग ग्लेनच! माझे फॉन्ट त्याने चोरून नेलेत, सगळी वसई जाणते. त्याच्याचकडचं आहे ते!"

"म्हणूनच मी थांबले होते," एलिसा म्हणाली. "फॉन्टवरून कोणावर आळ घ्यायचा नसतो. ग्लेनचा पडदा नवा, लांबुळका आहे. तरी तेवढ्यावरही मी बोलले नसते. यंत्राची ओळख पटली म्हणजे माणसाची पटली असं नाही. पण अंकल, तुम्ही ओस्लोहून लॉगिन केलंत."

एलिसा बोटांवर मोजायला लागली.

"तुमच्या खात्यात. तुमच्या पासवर्डने. पत्ता ओस्लोचा, ब्राउझर अगदी हाच, आणि लगोलग त्याच पत्त्यावरून, त्याच ब्राउझरमधून चर्चआळीला मत. तुम्ही जगात कुठूनही दिसा, खातं उघडलंत की तुम्ही स्वतःच सांगता, मी आलोशियस. तिथे व्हीपीएन काय करणार? त्या दिवशी तुम्ही ओस्लोत होता, आणि माझ्या आईने तुमच्याकडून महिन्याच्या मिस्साची कार्डं नेली."

"हे असलं बघता येतं असं कोणी सांगितलं होतं?" आलोशियस उसळला. "ही चोरून पाळत झाली! मी फादरकडे जाईन!"

व्हॅलेरियन सरांनी खिशातून स्पर्धेच्या नियमांचं पत्रक काढलं आणि टेबलावर ठेवलं. खालच्या ओळीवर बोट टेकवलं. मत देणाऱ्या ब्राउझरची व यंत्राची माहिती तपासली जाईल. लबाडी आढळल्यास ती करणाऱ्याची आळी बाद होईल. सुंदर, ठसठशीत, पप्पांच्या लग्नातल्यासारखं अक्षर. पत्रक आलोशियसनेच मांडलं होतं, त्यानेच छापलं होतं. जन्मभर त्याने अशीच छपाई केली. काना, मात्रा, अंतर बघायचं, आणि ओळीत काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाने बघायचं.

तो खुर्चीत बसला. पत्रक बाजूला सारत त्याने विचारलं, "आता?"

सर म्हणाले, "गावभर करायचं नाही, असं कमिटीने ठरवलंय. तुझ्या पापाचा डाग आळीतल्या पोरांवर नको. तू स्वतःच सांग की विहीरआळी स्पर्धेतून मागे हटते. कारण तुझं तू बघ. ग्लेनला मात्र सांगावं लागलं. आळ त्याच्यावर आला होता."

ग्लेनला कळलं! आलोशियसला गोठा बाद झाल्यापेक्षा ते जास्त झोंबलं.

शटर वर करता करता एलिसा थांबली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. "मेंढपाळांचे कपडे माझ्या आईनेपण शिवलेत, अंकल. खोटी मतं काढून मी मोजणी केली. आपली आळी पहिली होती. चर्चआळी दुसरी, पण जवळपाससुद्धा नव्हती. तुम्ही काही केलं नसतं ना, तर उद्या ग्लेन खाली बसून टाळ्या वाजवत असता."

ती गेली. आलोशियस त्या चौकोनी पडद्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं ज्या सूडाची त्याने वाट पाहिली होती तो सूड लोकांनी आपणहून त्याच्या ओंजळीत घातला होता, आणि त्याने ओंजळ उलटी केली होती. त्याला स्वतःचा इतका संताप आला की ग्लेनचाही कधी आला नव्हता.

संध्याकाळी त्याने आळीत सांगितलं, "बक्षिसासाठी गोठा करायचा नसतो. आपण मागे घेतोय." पोरांचे चेहरे पडले. एका बाईने तर शिवलेल्या कपड्यांची पिशवी उचलून घरचा रस्ता धरला. पण म्हातारी माणसं गहिवरली. कोणीतरी म्हणालं, आलोशियस बदलला हो, संत झाला! क्लेमेंटीनने फक्त त्याच्या नाकाकडे बघितलं.

सणाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मांडवात सगळा गाव बसला. आलोशियसला यायचं नव्हतं, पण न येणं म्हणजे कबुली, म्हणून तो नवा शर्ट घालून मागच्या रांगेत बसला. व्हॅलेरियन सरांनी निकाल वाचला. पहिलं बक्षीस, चर्चआळी. ढाल घ्यायला ग्लेन वर गेला. आता तोही चाळिशीकडे झुकलेला, अंगाने भरलेला. सर त्याच्या हातात ढाल देऊन बाजूला झाले, पण ग्लेन खाली उतरला नाही. त्याने माईक धरला.

"दोन शब्द बोलतो," तो म्हणाला. "मला मागे एकदा विचारलं होतं, रहाटाची कल्पना कोणाची. मी तेव्हा देवाचं नाव घेतलं. ते चूक होतं. मला टाइप करायला, कार्ड मांडायला, गोठा करायला, सगळं ज्यांनी शिकवलं ते आज इथे बसलेत. आलोशियस अंकल."

आलोशियस पुढे सरकून ताठ बसला. हेच ते शब्द. ह्याच माईकवर, ह्याच तोंडून.

ग्लेनने मागच्या रांगेत त्याचे डोळे शोधले आणि हसून, एकेक शब्द सावकाश मोजत म्हणाला, "आणि आजचं हे बक्षीस तर त्यांच्याशिवाय मला मिळालंच नसतं. त्यांनी माझ्यासाठी यंदा किती मेहनत घेतली ते मला आणि त्यांनाच ठाऊक. अंकल, उभे राहा ना. लोकांना बघू द्या."

मांडव टाळ्यांनी कोसळायचा बाकी राहिला. माणसं वळून वळून बघायला लागली. काल त्याला संत म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत एलिसा मान खाली घालून बसली होती. शेजारून क्लेमेंटीन म्हणाली, "ऊठ. जन्मभर हेच मागत होतास ना? दिलं त्याने. ऊठ आणि हस."

आलोशियस उठला. त्याने हात जोडले आणि टाळ्या थांबेपर्यंत, ग्लेन स्वतः टाळ्या वाजवायचा थांबेपर्यंत, तो तसाच हसत उभा राहिला.